उतरणारे आकडे, न उतरणारा ताप

भाद्रपदातली गोष्ट. नागपूरजवळच्या एका गावातली, सोयाबीनच्या शेतात रोज निंदणाला जाणारी अडतीस वर्षांची बाई तापाने आजारी पडली. ही बाई कोणी एक व्यक्ती नाही. अशा अनेक रुग्णांच्या कहाण्या एकत्र करून मी तिची ही कहाणी जुळवली आहे, आणि तिचे आकडे वॉर्डात जसे दिसतात तसेच ठेवले आहेत. चौथ्या दिवशी तालुक्याच्या गावी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ४,८००, प्लेटलेट्स १ लाख १० हजार. मलेरिया नाही, डेंग्यूची तपासणीही निगेटिव्ह. शरीरात दाह किती आहे याचा अंदाज देणारा ईएसआर ६२, म्हणजे वाढलेला. तिला सलाईन लावलं, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली.

ताप मात्र हटला नाही. नवव्या दिवशी तिला नागपूरला आणलं तेव्हाही तो १०३ होता. नव्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.४, पांढऱ्या पेशी २,१०० आणि प्लेटलेट्स ३८ हजार. डाव्या बरगडीखाली हाताला तीन बोटं प्लीहा लागत होती. गावाकडे तिला पानथरी म्हणतात. पण एक आकडा दिलासा देणारा वाटला. ईएसआर ६२ वरून ९ वर आला होता. घरच्यांपैकी कोणीतरी म्हणालंही, "निदान हे तरी नॉर्मल झालं."

धोक्याची खरी खूण मात्र याच आकड्यात होती. ती का, हे समजून घेतलं तर एका लांबलचक नावाचा आजार बराचसा समजतो. त्याचं नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. डॉक्टर त्याला एचएलएच म्हणतात.

थांबण्याची यंत्रणा

शरीरात विषाणू किंवा जंतू शिरला की दोन प्रकारच्या पेशी एकमेकींच्या मदतीने काम करतात. पहिल्या असतात भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. त्या जंतू गिळतात आणि त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवतात. दुसऱ्या असतात टी पेशी. त्या हे तुकडे ओळखतात, वेगाने वाढतात आणि जंतूने ग्रासलेल्या पेशींना मारतात. मारायची रीत ठरलेली आहे. टी पेशी समोरच्या पेशीला चिकटते, पर्फोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि त्यातून मारक द्रव्यं आत सोडते. काही मिनिटांत काम उरकतं आणि ती सुटून पुढे जाते.

या मारण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. टी पेशी फक्त जंतूग्रस्त पेशींना मारत नाहीत. ज्या भक्षक पेशीने त्यांना जंतूचे तुकडे दाखवून उठवलं, तिलाही त्या शेवटी संपवतात. उठवणाराच संपला की उठणंही थांबतं. आपला ताप पाचसात दिवसांत उतरतो त्यामागे ही व्यवस्थाही असते.

एचएलएचमध्ये नेमकी हीच व्यवस्था मोडते. टी पेशी चिकटते, पण मारू शकत नाही आणि सुटतही नाही. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा अशा पेशी नेहमीच्या सुमारे पाचपट वेळ चिकटून राहिल्या. चिकटलेली असेपर्यंत ती इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडत राहते. त्या द्रव्याने आसपासच्या भक्षक पेशी आणखी चेतवल्या जातात, त्या टी पेशींना पुन्हा उठवतात, आणि हे चक्र फिरतच राहतं. २००४ साली पर्फोरिन नसलेल्या उंदरांना विषाणूचा संसर्ग देऊन हे पाहिलं गेलं. उंदीर एचएलएचसारख्या आजाराने मरत होते, पण एकटा इंटरफेरॉन गॅमा अडवला तर ते जगले. विषाणू तोच होता. जीव घेत होती ती न थांबणारी प्रतिक्रिया.

म्हणून "प्रतिकारशक्ती फार वाढली" असं एचएलएचचं वर्णन करणं अपुरं आहे. शक्ती वाढलेली दिसते, पण मुळात हरवलेली असते ती थांबण्याची ताकद.

ईएसआर का उतरला?

आता पुन्हा त्या रिपोर्टकडे येऊ. ईएसआर मोजायची पद्धत साधी आहे. रक्त एका उभ्या बारीक नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघतात. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं. त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. म्हणून तापात ईएसआर वाढतो.

एचएलएचमध्ये चेतलेल्या भक्षक पेशी असं द्रव्य सोडतात की ज्याने फायब्रिनोजेनचीच मोडतोड होते, आणि यकृत बिघडल्याने ते नवं तयारही कमी होतं. चवडी बनत नाहीत. दाह भडकलेला असतानाही लाल पेशी सावकाश खाली बसतात आणि ईएसआर उतरतो. ताप उतरला आणि ईएसआर उतरला तर रुग्ण सुधारतोय. ताप तसाच आहे आणि ईएसआर कोसळला, तर डॉक्टरांनी तातडीने फायब्रिनोजेन मोजायला हवं. आपल्या रुग्णाचं ते १०० मिलिलिटरमागे ११० मिलिग्रॅम निघालं. साधारणपणे ते २०० च्या वर असतं.

मग आणखी दोन तपासण्या केल्या. एक ट्रायग्लिसराइड्सची, जी आपल्याला हृदयविकाराच्या संदर्भात माहीत असते. रक्तातली चरबी वापरणारं एन्झाइम दाहाच्या द्रव्यांमुळे मंदावतं आणि चरबी रक्तात साठते, म्हणून नऊ दिवस धड न जेवलेल्या या बाईच्या रक्तात ती ३४८ होती. दुसरी तपासणी फेरिटिनची. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवणारं प्रथिन. चेतलेल्या भक्षक पेशी ते मोठ्या प्रमाणात रक्तात सोडतात. निरोगी बाईमध्ये ते साधारण दोनशेच्या आत असतं. इथे ते १४,६०० होतं.

यांपैकी कोणताही आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. फेरिटिन डेंग्यूत वाढतं, यकृताच्या आजारात वाढतं, किडनी निकामी झाल्यावरही वाढतं. पेशी तर अनेक तापांत कमी होतात. पण न हटणारा ताप, वाढलेली प्लीहा, दोनतीन प्रकारच्या पेशी एकदम घसरणं, फायब्रिनोजेन कमी, ट्रायग्लिसराइड्स जास्त, फेरिटिन हजारोंत, हे सगळं एकाच वेळी आणि दिवसागणिक वाढत असेल, तर त्यामागचं कारण एकच असण्याची शक्यता मोठी. वेगवेगळ्या लॅबचे, वेगवेगळ्या तारखांचे रिपोर्ट एका कागदावर ओळीने लिहिले की हे दिसू लागतं. फाइलमध्ये ते सुटे असले की प्रत्येक आकड्याला वेगळं कारण चिकटवलं जातं.

पेशी खाणाऱ्या पेशी

आजाराच्या नावातला "हिमोफॅगो" म्हणजे रक्तपेशी गिळणं. कमरेच्या हाडात सुई घालून बोन मॅरो काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. आपल्या रुग्णाच्या मॅरोत मोठमोठ्या भक्षक पेशी दिसल्या, आणि त्यांच्या पोटात गोल लाल पेशी, प्लेटलेट्स, एखादी पांढरी पेशीसुद्धा. हे चित्र एकदा पाहिलेला डॉक्टर ते विसरत नाही.

पण या चित्राने फसगतही होते. आजाराच्या सुरुवातीला मॅरोत असं काहीच दिसत नाही, असं अनेकदा घडतं. तेवढ्यावरून "एचएलएच नाही" म्हणणं चूक ठरतं. उलट साध्या सेप्सिसमध्ये किंवा बरंच रक्त चढवल्यानंतरही अशा काही पेशी दिसू शकतात. शिवाय रक्तातले आकडे उतरण्याचं सगळं खापर या गिळण्यावर फोडता येत नाही. दाहाची द्रव्यं मॅरोत नव्या पेशी बनणंच दडपतात आणि वाढलेली प्लीहा पेशी अडकवून ठेवते. आजाराला नाव मिळालं ते सगळ्यात ठळक दृश्यावरून.

म्हणून निदान एका गोष्टीवर ठेवलेलं नाही. हिस्टिओसाइट सोसायटी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००४ च्या निकषांत आठ गोष्टी आहेत आणि त्यांतल्या किमान पाच असाव्या लागतात. ताप, वाढलेली प्लीहा, किमान दोन प्रकारच्या पेशी कमी, ट्रायग्लिसराइड्स वाढलेली किंवा फायब्रिनोजेन घटलेलं, पाचशेच्या वर फेरिटिन आणि मॅरोतलं ते चित्र, अशा सहा गोष्टी आपल्या रुग्णात जुळल्या. उरलेल्या दोन तपासण्या मोजक्याच ठिकाणी होतात आणि त्यांचे रिपोर्ट यायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी थांबायची गरज पडली नाही.

विडीच्या चटक्यासारखा डाग

निदान झालं तरी अर्धं काम बाकी होतं. हे पेटलं कशाने?

एचएलएचचे दोन मोठे गट आहेत. एका गटात जनुकातच दोष असतो. त्याच्याकडे नंतर येऊ. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा जनुकं ठीक असतात आणि एखादी बाहेरची गोष्ट हे चक्र सुरू करते. ती लिम्फोमासारखा रक्ताचा कर्करोग असू शकते, संधिवाताच्या कुळातला आजार असू शकतो, नाहीतर संसर्ग. आपल्याकडे संसर्गांची यादी मोठी आहे. डेंग्यू, क्षयरोग, एप्स्टाइन-बार विषाणू, बिहारकडचा काळा आजार आणि स्क्रब टायफस.

संध्याकाळी कपडे बदलताना सिस्टरच्या नजरेला काहीतरी पडलं. कमरेवर, परकराची नाडी बांधतात तिथे, अर्ध्या इंचाहून लहान काळी खपली होती आणि भोवती लालसर कडा. विडीचा चटका बसावा तशी. बाई म्हणाली, "दुखत नव्हतं जी, म्हणून नाही सांगितलं."

स्क्रब टायफसची खूण अशीच असते. गवतात, झुडपात राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म किडीची, चिगरची, अळी चावते आणि ओरिएन्शिया नावाचा जंतू शरीरात सोडते. चावल्याची जागा दुखत नाही, खाजतही नाही, आणि ती बहुधा झाकलेल्या जागी असते. काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेला. प्रत्येक रुग्णात ती असतेच असंही नाही. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात या आजाराची साथ आली होती. शेतात, गवतात वावरणाऱ्यांना पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्याचा धोका जास्त.

तालुक्याला तिला जी इंजेक्शनं दिली होती, ती इतर अनेक जंतूंवर चालतात. ओरिएन्शियावर चालत नाहीत, कारण तो आपल्याच पेशींच्या आत राहतो आणि या औषधांचा मारा ज्या पेशीभित्तिकेवर असतो ती त्याच्याकडे तशी नसतेच. त्यावर चालतं डॉक्सिसायक्लिन, शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. जुनं आणि स्वस्त औषध. आयजीएम तपासणीचा रिपोर्ट यायला दोन दिवस होते, आणि ही तपासणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत निगेटिव्हही येऊ शकते. खपली दिसली त्याच रात्री औषध सुरू झालं.

किती विझवायचं?

त्या रात्री आणखी एक निर्णय घ्यायचा होता. एचएलएचची ठरलेली औषधं म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि एटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध. एटोपोसाइड भडकलेल्या टी पेशींना नेमकं मारतं, पण मॅरोलाही दडपतं. प्लेटलेट्स ३८ हजार असलेल्या रुग्णाला पेशी कमी करणारं औषध द्यायचं, हे डॉक्टरलाही जड जातं. तरीही काही रुग्णांत तेच जीव वाचवतं, कारण पेशी कमी होण्याचं मूळच त्या भडकलेल्या टी पेशींत असतं.

इथे कारण काय आहे यावर सगळं ठरतं. जंतू औषधाने मरत असेल, तर चक्राचं इंधनच संपतं. स्क्रब टायफसमधला एचएलएच बऱ्याचदा एकट्या डॉक्सिसायक्लिनने शांत होतो, काहींना सोबत थोडे दिवस स्टेरॉइड लागतं. क्षयरोगात किंवा काळ्या आजारातही मूळ आजारावरचं औषध आधी. पण एप्स्टाइन-बार विषाणूमुळे पेटलेल्या गंभीर एचएलएचमध्ये किंवा मेंदूवर परिणाम दिसू लागला, शुद्ध हरपू लागली, तर एटोपोसाइड लांबणीवर टाकणं महागात पडतं.

घाईने स्टेरॉइड देण्यात वेगळा धोका आहे. मुळाशी लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तो तात्पुरता आटतो. ताप उतरतो, गाठी बसतात, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात काही सापडत नाही. काही आठवड्यांनी आजार उसळून परत येतो. म्हणून रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर मॅरो आणि गाठीचा तुकडा आधी घेतात, स्टेरॉइड नंतर देतात. तेवढाही वेळ नसेल तर औषध आधी.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत मॅरो झाला होता आणि खपली सापडली होती. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं, डेक्सामेथासोन हाताशी ठेवलं आणि दर बारा तासांनी आकडे पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशीच्या रात्री ताप ९९ वर आला. तिसऱ्या दिवशी फेरिटिन ६,१०० झालं, पाचव्या दिवशी प्लेटलेट्स ८२ हजार. त्याच रिपोर्टमध्ये ईएसआर ९ वरून ३४ वर गेला होता. या वेळी ती वाढ चांगली होती. फायब्रिनोजेन परत येत होतं. स्टेरॉइडची गरज पडली नाही. दहाव्या दिवशी ती घरी गेली.

सगळ्यांचं असं होत नाही. लिम्फोमामुळे झालेल्या एचएलएचमध्ये आजही बरेच रुग्ण वाचत नाहीत, योग्य उपचार मिळूनही.

बाळांचा एचएलएच

आता जनुकातल्या दोषाबद्दल. १९५२ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या फार्कर आणि क्लेअरो या डॉक्टरांनी एकाच घरातल्या दोन भावंडांची नोंद प्रसिद्ध केली. दोघांनाही तान्ह्या वयात ताप, वाढलेली प्लीहा, घसरत्या पेशी, आणि दोघांचाही मृत्यू. त्यामागच्या एका जनुकाचा शोध लागायला १९९९ साल उजाडलं. ते जनुक पर्फोरिनचं होतं. या बाळांची टी पेशी भोक पाडूच शकत नाही. म्हणून एखादा साधा विषाणूही ते चक्र सुरू करतो, आणि एकदा शांत केलं तरी ते पुन्हा सुरू होतं.

या आजारात पूर्वी जवळपास सगळी बाळं दगावायची. स्टॉकहोमचे यान-इंगे हेन्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एटोपोसाइड, डेक्सामेथासोन आणि त्यानंतर बोन मॅरो प्रत्यारोपण असा ठरावीक क्रम आखला. त्या क्रमाने उपचार मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत होती. औषधं इथे वेळ मिळवून देतात. कायमचा इलाज प्रत्यारोपणाचाच, कारण त्यातून भोक पाडता येणाऱ्या नव्या टी पेशी मिळतात. इंटरफेरॉन गॅमालाच अडवणारं एमापालुमॅब हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या अशा मुलांसाठी होतं.

इथे आपल्या घरांशी थेट संबंध येतो. बाळाला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळालं तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होतात अशा घरांत दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. यात कोणाचा दोष काढायचा नाही. पण आधीचं एखादं मूल न समजलेल्या तापाने तान्हेपणीच गेलं असेल, तर ही माहिती नव्या बाळाच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायला हवी. बहुतेक घरांत ती दुःख म्हणून गप्प ठेवली जाते. प्रत्यारोपणासाठी भावंडाचा मॅरो घ्यायचा असला तर त्या भावंडाची जनुकीय तपासणी आधी करावी लागते. ते अजून निरोगी दिसत असलं तरी त्याच्यातही तोच दोष असू शकतो, आणि तसं असेल तर तोच आजार पुन्हा बाळात जाईल.

घरच्यांनी काय बघायचं?

हा आजार विरळा आहे. प्लेटलेट्स उतरल्या म्हणून प्रत्येक डेंग्यूच्या रुग्णाने घाबरायचं कारण नाही. डेंग्यूत साधारणपणे ताप उतरतो आणि मग पेशी सावरू लागतात. आठवडा उलटूनही ताप चढाच असेल आणि पेशी मात्र उतरतच असतील, तर डॉक्टरांना सरळ विचारावं, "फेरिटिन बघायचं का?" ही तपासणी बहुतेक शहरांत होते. सगळ्या रिपोर्टमधले आकडे तारखेप्रमाणे एका पानावर लिहून न्यावेत.

आणि अंगावरचा प्रत्येक डाग दाखवावा, न दुखणारा तर नक्कीच. नागपूरच्या त्या बाईच्या कमरेवरची खपली नऊ दिवस तिथेच होती. ती पहिल्याच दिवशी कोणी पाहिली असती, तर कदाचित एका साध्या गोळीने ताप उतरला असता आणि फेरिटिन मोजायची वेळच आली नसती.